म्युच्युअल फंडाची विक्री आणि आयकर खात्याची सूचना : भरली गाडी, रिकामी गाडी आणि निव्वळ वजन



गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या हिशेब विभागाच्या खिडकीशी ऊस बिलाच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी येऊ लागली आहे. सभासद मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "अहो, हे इन्कमटॅक्सचं काय आलंय बघा. मी तर विवरणपत्र भरलेलं आहे, मग हे कशाबद्दल?" संदेशाचा मतलब असा असतो की, अमुक वर्षात तुमच्या नावे शेअर्स किंवा म्युच्युअल फंडाचे मोठ्या रकमेचे व्यवहार झालेले दिसतात, आणि तुम्ही भरलेल्या विवरणपत्राशी ते जुळत नाहीत. हा संदेश काय आहे, त्यातला आकडा कुठून येतो आणि त्याचे उत्तर कसे तयार करायचे, एवढ्याच गोष्टी या पाठात आम्ही सांगणार आहोत.

पूर्वी ऊस बिलातून उरलेला पैसा सोसायटीत, बँकेच्या ठेवीत किंवा फार तर पोस्टात जात असे. आता घरोघरी म्युच्युअल फंड आला आहे. निवृत्त शिक्षकाचे ग्रॅच्युइटीचे पैसे, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, मुलाच्या नोकरीतली बचत, सगळे तिकडे जाते. पैसे गुंतवताना कोणी विचारत नाही. ते काढल्यावर मात्र नोंद होते, आणि ती नोंद आपल्याला कळवून होत नाही.

हा आकडा खात्याला कोण देतो?

आपल्या पॅन क्रमांकावर वर्षभरात झालेल्या व्यवहारांची एक यादी आयकर खात्याकडे तयार होते. तिला वार्षिक माहिती विवरण म्हणतात. नोव्हेंबर २०२१ पासून ही यादी खात्याच्या incometax.gov.in या संकेतस्थळावर ज्याची त्याला पाहता येते. तिथे तिचे नाव Annual Information Statement (AIS) असे दिसते. बँक तीत व्याज कळवते, शेअर्स सांभाळणाऱ्या डिपॉझिटरी संस्था शेअर्सची विक्री कळवतात, आणि फंडांचे दप्तर ठेवणाऱ्या कॅम्स व केफिनटेक यांच्यासारख्या संस्था युनिटची विक्री कळवतात. आपण विवरणपत्र भरले की खात्याचे यंत्र ही यादी त्याच्याशी ताडून पाहते. यादीत विक्री आहे आणि विवरणपत्रात तिचे नावच नाही, असे दिसले की संदेश सुटतो.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अशी तफावत असलेल्यांना एसएमएस आणि ई-मेल पाठवण्याची मोहीमच काढली होती. आर्थिक वर्ष २०२३-२४ चे सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत त्या महिनाअखेर संपत होती. ती संपण्याआधी लोकांनी आपण होऊन दुरुस्ती करावी, हा मोहिमेचा हेतू होता. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवावी : असा संदेश म्हणजे दंडाचा हुकूम नव्हे. कराची मागणीही नव्हे. "आमच्याकडे ही नोंद आहे, तुमच्याकडे ती का नाही?" एवढेच तो विचारतो.

आपल्या साखर कारखान्याचे भाग आणि हे शेअर्स यांत पुष्कळ सभासदांची गल्लत होते. कारखान्याचे भाग डिमॅट खात्यातून बाजारात विकले जात नाहीत, त्यामुळे ते या विक्रीच्या यादीत येत नाहीत. संदेश येतो तो बाजारातल्या कंपन्यांच्या शेअर्सबद्दल आणि फंडाच्या युनिटबद्दल.

वजनकाट्याचा दाखला

आता मुख्य मुद्दा. काट्यावर भरली गाडी चढते तेव्हा पहिला आकडा येतो तो गाडीसकट उसाचा. गव्हाणीवर ऊस उतरवून गाडी परत काट्यावर येते, रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि ते वजा करून निव्वळ वजन पावतीवर पडते. भरल्या गाडीच्या वजनावर कोणी बिल काढत नाही.

आयकर खात्याच्या संदेशातला आकडा हा भरल्या गाडीचा आकडा असतो. युनिट विकून हाती आलेली सगळी रक्कम त्यात असते. आपण मुळात घातलेली रक्कम म्हणजे रिकामी गाडी. कर लागतो तो निव्वळ वजनावर, म्हणजे विक्री वजा खरेदी उरते त्या नफ्यावर. यादीत काही वेळा खरेदीची किंमत छापलेली असते, पण ती नेहमी पूर्ण किंवा बरोबर असतेच असे नाही. वारसाने आलेले, बक्षीस मिळालेले किंवा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवलेले शेअर्स असतील तर ती हमखास तपासून घ्यावी. रिकाम्या गाडीचे वजन दाखवणे हे काम गाडीमालकाचे, म्हणजे आपले आहे.

उदाहरण : वैशाखऱ्याचे निवृत्त गुरुजी

समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण रचले आहे. माणूस आणि आकडे कल्पित आहेत, हिशेबाची रीत खरी आहे.

माळशेज घाटाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावी गुरुजींचे घर आणि भातशेती. घाट चढून गेल्यावर ओतूरकडे त्यांचा वडिलोपार्जित ऊस. जिल्हा परिषद शाळेतून मे २०२१ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी ते निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी जून २०२१ मध्ये एका इक्विटी फंडात ४,६०,००० रुपये घातले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये दुसऱ्या इक्विटी फंडात ७,१०,००० रुपये.

नोव्हेंबर २०२३ मध्ये विहिरीचे खोलीकरण आणि ठिबकचा खर्च निघाला, म्हणून पहिल्या फंडाचे सगळे युनिट विकले. हाती ६,००,००० रुपये आले. जानेवारी २०२४ मध्ये मुलगा म्हणाला, "आबा, दुसऱ्या फंडात दलालाचं कमिशन जातंय. त्याच फंडाची डायरेक्ट योजना आहे, तिच्यात पैसे वळवू." मोबाईलवर दोन बटणे दाबली आणि ८,००,००० रुपये एका योजनेतून दुसऱ्या योजनेत गेले. बँकेत एक रुपयाही आला नाही.

जुलै २०२४ मध्ये विवरणपत्र भरले. पेन्शन वर्षाला ५,००,००० रुपये, शेतीचे निव्वळ उत्पन्न २,००,००० रुपये. भरून देणाऱ्याने विचारले, "पेन्शनशिवाय काही?" गुरुजी म्हणाले, "शेती आहे, ती तर माफ आहे." त्याने आयटीआर-१ हा साधा फॉर्म भरला, पेन्शन दाखवली आणि कर शून्य काढला.

डिसेंबर २०२४ मध्ये संदेश आला. यादी उघडली तर तीन ओळी : विक्री ६,००,०००, विक्री ८,००,००० आणि खरेदी ८,००,०००. घरात बेरीज झाली २२ लाखांची. "एवढा पैसा आपण बघितला तरी का?" असे म्हणण्याची पाळी आली.

आता एकेक ओळ काट्यावर घेऊ.

खरेदीची ओळ ही मिळकत नाही. पैसा कुठे गेला एवढेच ती सांगते. ती बाजूला ठेवली की १४ लाखांची विक्री उरते.

पहिली विक्री ६,००,०००, घातलेले ४,६०,०००. नफा १,४०,०००.

दुसऱ्या विक्रीला गुरुजींचा आक्षेप होता. "मी विकलंच नाही, नुसतं वळवलं." इथेच बहुतेक सभासद अडकतात. एका योजनेतून दुसरीत वळवणे, मग ती त्याच फंडाची डायरेक्ट योजना का असेना, कायद्याच्या नजरेत जुन्या युनिटची विक्री आणि नव्याची खरेदी असते. बँकेच्या पासबुकात काही दिसत नाही म्हणून ते विक्री नव्हे, असे होत नाही. तेव्हा विक्री ८,००,०००, घातलेले ७,१०,०००. नफा ९०,०००.

एकूण नफा २,३०,००० रुपये. दोन्ही फंड इक्विटीचे आणि युनिट एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेले, म्हणून हा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा. त्या वर्षी अशा नफ्यातले पहिले १,००,००० रुपये करमुक्त होते आणि वरच्या रकमेवर १० टक्के कर होता. म्हणजे १,३०,००० वर १३,००० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर ५२० रुपये. एकूण १३,५२० रुपये.

पेन्शनमधून ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन ४,५०,००० उरतात. नफा धरून एकूण उत्पन्न ६,८०,००० होते. नव्या करपद्धतीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करात सूट होती, म्हणून पेन्शनवरचा कर शून्यच राहतो. पण ही सूट इक्विटीच्या या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील कराला लागत नाही, म्हणून १३,५२० रुपये भरावेच लागतात. गुरुजी त्या वर्षी ६० पूर्ण झालेले आणि त्यांना धंद्याचे उत्पन्न नाही. अशा ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ कर भरण्याचे बंधन नसल्यामुळे त्याबद्दलचे व्याजही लागले नाही. साठीच्या आतल्या सभासदाला मात्र व्याज लागू शकते.

२२ लाखांची धास्ती आणि १३,५२० रुपयांचा भरणा, एवढा फरक काट्यावर पडला.

दुरुस्ती कशी झाली

गुरुजींनी आधी कॅम्स आणि केफिनटेककडून त्या वर्षाचे भांडवली नफ्याचे पत्रक ई-मेलवर मागवले. त्यात प्रत्येक विक्रीची तारीख, खरेदीची तारीख, दोन्ही किमती आणि नफा ओळवार येतो. हेच रिकाम्या गाडीचे वजन. हे पत्रक हाती येईपर्यंत उत्तर देऊ नये.

मग १३,५२० रुपये स्वयंनिर्धारण कर म्हणून भरले आणि चलनाचा क्रमांक ठेवला. त्यानंतर मूळ विवरणपत्राच्या पोचक्रमांकाचा हवाला देऊन ३१ डिसेंबर २०२४ च्या आत सुधारित विवरणपत्र भरले. (ही मुदत त्या वर्षी नंतर १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवली गेली.) या वेळी फॉर्म घेतला आयटीआर-२, कारण भांडवली नफा त्या वर्षी आयटीआर-१ मध्ये दाखवताच येत नव्हता. पुढच्या वर्षापासून १,२५,००० रुपयांपर्यंतचा असा नफा त्या साध्या फॉर्ममध्ये दाखवायची सोय झाली आहे. पण ऊस उत्पादकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालतच नाही. शेती करमुक्त आहे हे खरे, पण विवरणपत्रात ती दाखवावी लागते. गुरुजींचा फॉर्म म्हणजे मुळातच दोन कारणांनी चुकीचा होता.

विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने किंवा अन्य मान्य रीतीने त्याची पडताळणी करावी लागते. ती राहिली तर भरलेले विवरणपत्र धरले जात नाही. गुरुजींनी ती त्याच बैठकीत उरकली.

शेवटी संदेशाला उत्तर. संकेतस्थळावर आपल्या नावाने आत गेल्यावर Pending Actions मध्ये Compliance Portal आणि तिथे e-Campaign असे सापडते. त्यात व्यवहारांची यादी समोर येते आणि प्रत्येक ओळीला उत्तर निवडता येते. गुरुजींच्या तिन्ही ओळी खऱ्या होत्या, म्हणून त्यांनी Information is correct हे निवडले. एकच गोष्ट दोनदा आली असेल, दुसऱ्याच्या पॅनची असेल किंवा दुसऱ्या वर्षाची असेल, तर त्यासाठी निराळी उत्तरे दिलेली आहेत. आपण नोंद नाकारली तर खाते ती माहिती देणाऱ्या संस्थेकडे खातरजमेसाठी पाठवू शकते. तेव्हा खरी नोंद "माझी नाही" म्हणून झटकणे महागात पडते.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. यादीवर उत्तर देणे म्हणजे विवरणपत्र दुरुस्त करणे नव्हे. पुष्कळजण "बरोबर आहे" असे बटण दाबून मोकळे होतात आणि समजतात की काम झाले. यादी खात्याची, विवरणपत्र आपले. नफा विवरणपत्रात चढला आणि कर भरला तरच तफावत मिटते.

मुदत टळली तर?

सुधारित विवरणपत्राची मुदत गेल्यावरही एक वाट उरते. तिला अद्ययावत विवरणपत्र म्हणतात. २०२२ च्या वित्त कायद्याने ही सोय आली, आणि २०२५ मध्ये तिची मुदत कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढली. पण ही वाट फुकट नाही. कर आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, दुसऱ्या १२ महिन्यांत ५० टक्के, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के जादा कर द्यावा लागतो.

गुरुजींच्या वर्षाचे कर निर्धारण वर्ष ३१ मार्च २०२५ ला संपले. त्यांनी डिसेंबरातला संदेश दुर्लक्षिला असता तर ३१ मार्च २०२६ पर्यंत १३,५२० वर ३,३८० रुपये जादा, ३१ मार्च २०२७ पर्यंत ६,७६० रुपये जादा, आणि अखेरच्या वर्षात ९,४६४ रुपये जादा पडले असते. शिवाय या वाटेने कर कमी करून घेता येत नाही, परतावाही मागता येत नाही. खात्याने त्या वर्षाची चौकशी सुरू केली की ही वाट साधारणपणे बंद होते. मग मात्र कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के, आणि मुद्दाम खोटे दाखवल्याचे ठरले तर २०० टक्के दंडाचे कलम पुढे येते.

म्हणून हाती आलेला कागद कोणता आहे ते आधी वाचावे. साधा मोहिमेचा संदेश असेल तर वरची रीत. पण त्यावर कलम १४३(२) किंवा कलम १४८अ असे लिहिले असेल तर ती खरी नोटीस आहे. तिच्यातल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे लागते, आणि तिथे घरगुती उपाय न करता सनदी लेखापालाकडे जावे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू होतो, पण त्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू राहतो, त्यामुळे जुन्या वर्षांच्या कागदांवर हीच कलमे दिसतील.

खोट्या संदेशांचाही सुळसुळाट आहे. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नये. संकेतस्थळाचे नाव स्वतः टाइप करून आत जावे. संदेश खरा असेल तर त्याची नोंद तिथे सापडतेच. खात्याच्या नोटिशीवर दस्तऐवज क्रमांक असतो, आणि तो खरा की खोटा हे त्याच संकेतस्थळावर तपासता येते. फोनवर ओटीपी मागणारा माणूस खात्याचा नव्हे.

सभासदांच्या नेहमीच्या तीन शंका

"वडील वारले, त्यांचे युनिट माझ्या नावावर झाले. ही विक्री का?" नाही. वारसाने नाव लागणे ही विक्री नव्हे. पुढे आपण ते विकले तर वडिलांनी घातलेली किंमत हीच आपली खरेदी किंमत, आणि त्यांनी ते ठेवलेला काळही आपल्या हिशेबात धरला जातो. मात्र वडिलांची जुनी पत्रके जपून ठेवावीत.

"खूप जुने शेअर्स आहेत, २०१८ च्या आधीचे." ३१ जानेवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या अशा शेअर्स-युनिटना खरेदी किमतीऐवजी त्या दिवसाचा बाजारभाव धरण्याची सवलत आहे, पण तो भाव विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही. जुन्या गुंतवणुकीत यामुळे नफा पुष्कळ कमी दिसतो, म्हणून हा भाव पत्रकात आला आहे का ते पाहावे.

"वळवलेल्या युनिटवर पुन्हा कर लागणार का?" एकदा कर लागलेल्या नफ्यावर पुन्हा लागत नाही. गुरुजींच्या नव्या युनिटची खरेदी किंमत आता ८,००,००० धरली जाईल. पण एक वर्षाचा काळ जानेवारी २०२४ पासून नव्याने मोजला जातो. वर्षाच्या आत विकले तर अल्प मुदतीचा नफा होतो. २३ जुलै २०२४ पासून झालेल्या विक्रीला दर बदलले आहेत : अल्प मुदतीला २० टक्के, आणि दीर्घ मुदतीला वर्षाच्या १,२५,००० रुपयांवरील नफ्यावर १२.५ टक्के.

विवरणपत्र भरायला जाताना ऊस बिलाच्या आणि पेन्शनच्या कागदांबरोबर वार्षिक माहिती विवरण आणि फंडाचे नफ्याचे पत्रक हे दोन कागद न्यावेत. भरून देणाऱ्याने विचारले नाही तरी ते त्याच्यापुढे ठेवावेत. वर्षभरात मुलाने किंवा दलालाने काही "वळवले" आहे का, हेही घरातून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

कळावे,
हिशेब विभाग